भोजनोत्तर गोडाची ओढ आणि वऱ्हाडातील चक्का

पोटभर जेवण झाल्यानंतरही काहीतरी गोड हवेसे वाटणे, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याचे कारण शोधावयास हवे असे सहसा कोणास वाटत नाही. अमरावती वा अकोल्याच्या घरातील नित्याचे जेवण डोळ्यांसमोर आणावे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, झुणका किंवा भरीत, आणि कडेला मिरचीचा ठेचा. हे जेवण पोटाला पुरेसे असते. असे असूनही ताट उचलताना हात गुळाच्या डब्याकडे किंवा फडताळातील पेढ्याकडे वळतो. ही भूक नव्हे, कारण त्याच क्षणी आणखी अर्धी भाकरी वाढली तर ती नको होते.

या भेदातच त्या ओढीचे मूळ आहे. ऑक्सफर्ड येथे बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की, एखादा पदार्थ तृप्तीपर्यंत खाल्ल्यावर त्या पदार्थाची गोडी माणसाला वाटेनाशी होते. परंतु न खाल्लेल्या, वेगळ्या चवीच्या पदार्थांची गोडी मात्र जवळजवळ पूर्वीइतकीच राहते. तृप्ती ही पोटाची असते तशी ती चवीचीही असते, आणि चवीची तृप्ती ज्या त्या चवीपुरतीच असते. खारट, तिखट आणि तुरट चवींनी भरलेल्या जेवणात गोडाला जागाच मिळालेली नसते. म्हणून जेवणाच्या शेवटी ती एकच चव अतृप्त राहते. सुश्रुतसंहितेत मधुर रस जेवणाच्या आरंभी सेवन करावा असे सांगितले आहे, आणि महाराष्ट्रातील सणाच्या पानावरही श्रीखंड वा पुरण जेवणाबरोबरच वाढले जाते, शेवटचा घास ताकभाताचा असतो. जेवणानंतर स्वतंत्रपणे गोड खाण्याची रीत त्या मानाने अलीकडची आहे, आणि ती अंगवळणी पडली की ओढीत सवयीचीही भर पडते. ज्या घरी रोज जेवणानंतर गोड मिळते त्या घरी ते न मिळाल्यास चुकल्यासारखे होते.

वऱ्हाडच्या जेवणात याखेरीज आणखी एक कारण संभवते, ते म्हणजे मिरची. मिरचीतील दाहक द्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून ठेच्यानंतर पाणी पिऊन जिभेची आग शमत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्य विद्यापीठात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळी पेये या कसोटीस लावण्यात आली. दूध सर्वांत गुणकारी ठरले. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, साय काढलेले दूध सायीच्या दुधाइतकेच परिणामकारक होते. याचे श्रेय केवळ स्निग्धांशाला देता येत नाही. दुधातील प्रथिने, विशेषतः केसीन, त्या दाहक द्रव्याला आपल्याशी बांधून घेत असावीत असा अभ्यासकांचा कयास आहे. त्याच अभ्यासात साखर घातलेल्या पेयानेही आग बरीच कमी झाली. तेव्हा तिखट जेवणानंतर दुधादह्याच्या गोड पदार्थाची आठवण होणे हे निव्वळ जिभेचे लाड नव्हेत. स्निग्धांश कमी असलेला, प्रथिने भरपूर असलेला आणि माफक गोड पदार्थही ते काम करू शकतो.

हा पदार्थ घरोघरी परिचित आहे. तो म्हणजे चक्का. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही पाणी काढून गाळलेल्या दह्यात साखर घालून केलेल्या शिखरिणीचे वर्णन आहे. प्रश्न चक्क्याचा नाही, त्यात पडणाऱ्या साखरेचा आहे. घरगुती श्रीखंडात चक्का आणि साखर समभाग घेण्याची पद्धत अद्याप रूढ आहे. बाजारी श्रीखंडासाठी भारतीय अन्न-मानकांनी जी मर्यादा घातली आहे, ती अशी : घन पदार्थ निदान ५८ टक्के असावेत, आणि त्या घन पदार्थांत साखर ७२.५ टक्क्यांहून अधिक नसावी. याचा हिशेब मांडला तर शंभर ग्रॅम श्रीखंडात बेचाळीस ग्रॅम साखर असली तरी ते मानकास धरूनच असते. प्रथिनांचे किमान प्रमाण घन भागाच्या नऊ टक्के, म्हणजे त्याच शंभर ग्रॅमांत जेमतेम सव्वापाच ग्रॅम. दह्याचा पदार्थ म्हणून जे खाल्ले जाते ते वस्तुतः दह्याने सैल केलेली साखर असते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

हे प्रमाण उलटवावयाचे तर केवळ साखर कमी करून भागत नाही. साखर श्रीखंडात तीन कामे करते. ती आंबटपणा झाकते, पदार्थाला चकाकी व सैलपणा देते, आणि त्यातील पाणी जंतूंच्या उपयोगी पडू नये अशा रीतीने बांधून ठेवून तो टिकवते. साखर काढून घेतली की ही तिन्ही कामे दुसऱ्या मार्गाने करावी लागतात. त्यांतील पहिले काम सर्वांत कठीण आहे, आणि ते विरजणापाशीच करावे लागते.

पूर्णेच्या खोऱ्यातील पूर्णाथडी म्हशींचे किंवा एलिचपुरी, म्हणजे आजच्या अचलपूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या म्हशींचे दूध घट्ट व स्निग्ध असते. म्हशीच्या एक लिटर दुधात सुमारे चाळीस ग्रॅम प्रथिने आणि पासष्ट ते सत्तर ग्रॅम स्निग्धांश असतो असे धरावे. असे दूध प्रथम उकळून, निववून, रात्रभर शीतकपाटात ठेवावे व सकाळी साय काढावी. हीच क्रिया पुन्हा एकदा केली तर बहुतेक स्निग्धांश निघून लिटरमागे पंचवीस ग्रॅमांच्या आसपास उरतो. सायीचे तूप होतेच, तेव्हा यात वाया काही जात नाही.

यानंतरची पायरी अनेक घरी गाळली जाते, आणि तीच प्रथिनांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. साय काढलेले दूध विरजण्यापूर्वी पुन्हा तापवून दहा मिनिटे मंद आचेवर उकळत ठेवावे. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे चार-पंचमांश केसीन असते. ते आंबटपणाने गोठते. उरलेला एक-पंचमांश भाग आंबटपणाने गोठत नाही आणि एरवी चक्क्याच्या निवळीबरोबर वाहून जातो. मात्र दूध ८५ अंश सेल्सियसच्या वर काही मिनिटे राहिले की या भागातील मुख्य प्रथिनाची घडण उकलते आणि ते केसीनच्या कणांना चिकटते. मग दही लागताना दोन्ही बरोबरच गोठतात. असे दही अधिक घट्ट लागते, पाणी कमी सोडते आणि त्याच्या निवळीत प्रथिने फार थोडी उरतात. केवळ कोमट केलेल्या दुधाचे दही फडक्यात बांधले तर निवळी जास्त येते आणि चक्का कमी भरतो. घरच्या काट्यावर हा फरक सहज दिसतो.

आता विरजण. मे महिन्यात अकोल्याचे दुपारचे तापमान ४५ अंशांच्या घरात जाते आणि रात्रीही घरात तीस अंशांच्या खाली क्वचितच येते. दह्याचे जंतू तीस ते बेचाळीस अंशांच्या दरम्यान जोमाने वाढतात, म्हणजे त्या दिवसांत सबंध स्वयंपाकघरच विरजणाचे भांडे झालेले असते. अशा वेळी दूध नुसते ओट्यावर ठेवून पुरेसे निवत नाही. भांडे पाण्याच्या परातीत ठेवून ते बोटाला कोमट लागेल इतके उतरवावे, आणि लिटरमागे एक लहान चमचा ताजे, गोडसर दही लावावे. चार-पाच तासांत दही लागते. ते लागले की नाही हे पाहण्यासाठी भांडे किंचित कलते करावे. दही एकसंध राहून कडेपासून सुटले आणि त्या फटीत पाण्याची बारीक रेघ दिसली, की क्षणभरही न थांबता ते थंड जागी हलवावे. वर पाण्याचा थर साचेपर्यंत वाट पाहिली तर दही आंबून गेलेले असते, आणि मग तो आंबटपणा झाकावयास पुन्हा मूठभर साखर लागते. डिसेंबरात अमरावतीस याच दुधाला दुप्पट विरजण, उबेची जागा आणि आठ-दहा तास द्यावे लागतात. परंतु ते दही बहुधा अधिक गोड लागते.

पुष्कळांच्या हातून चूक होते ती यापुढे. दही फडक्यात बांधून रात्रभर खुंटीला टांगून ठेवावयाचे, ही जुनी रीत थंडीत ठीक आहे. उन्हाळ्यात मात्र टांगलेले दही निथळता निथळता आंबतच राहते, आणि सकाळी मिळणारा चक्का उत्तम घट्ट असूनही जिभेला झोंबतो. म्हणून तासभर टांगून पहिले पाणी गेले की पुरचुंडी चाळणीत ठेवावी, चाळणी पातेल्यावर ठेवावी, वर ताटली व तिच्यावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवावा, आणि हा सारा संच शीतकपाटात पाच-सहा तास राहू द्यावा. एक लिटर दुधाचा चक्का त्याच्या एक-तृतीयांश वजनाचा, म्हणजे सुमारे ३३० ग्रॅम भरला की पुरे. फडके सोडताना चक्का त्याला न चिकटता सुटला आणि बोटाचा ठसा तसाच राहिला, तर तो योग्य झाला असे समजावे. त्याहून अधिक निथळू दिल्यास तो रवाळ होतो, आणि साखर कमी घालावयाची असल्यामुळे तो रवाळपणा झाकणारे काही उरत नाही. कमी निथळला तर फळे घातल्यावर पातळ होतो.

या ३३० ग्रॅम चक्क्यात प्रथिने सुमारे छत्तीस ग्रॅम असतात. त्यात पन्नास ग्रॅम दळलेली साखर घालून अर्धा तास मुरू द्यावी आणि मग मऊ होईपर्यंत गाळणीतून किंवा पुरणयंत्रातून काढावा. वेलदोडा, थोडे जायफळ आणि चिमटीभर मीठ घालावे. वेलदोड्याचा वास गोडीशी इतका जोडला गेलेला आहे की त्याच्या सोबतीने तीच साखर अधिक गोड भासते, आणि मिठाचा कण आंबट-कडू चवीची धार बोथट करतो. पदार्थ अगदी बर्फगार वाढू नये. थंडीने जिभेला गोडी कमी जाणवते. वाढण्यापूर्वी दहा मिनिटे बाहेर काढून ठेवलेली वाटी तेवढ्यानेच अधिक गोड लागते. साखर वाढविण्याचा मोह होण्याआधी एवढे करून पाहावे.

फळांचा विचार येथे वरूड आणि मोर्शी या तालुक्यांच्या संत्र्यापासूनच सुरू व्हावा हे स्वाभाविक आहे. आंबिया बहाराचे संत्रे दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि मृग बहाराचे फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऊन तापू लागताना येते. परंतु संत्रे हे चक्क्यात घालावयास सर्वांत फसवे फळ आहे. फोड जशीच्या तशी घातली तर प्रथम उत्तम लागते आणि काही तासांनी कडू होते. याचे कारण चक्क्यात शोधून उपयोग नाही. फोडीच्या आतील पातळ सालीत, पांढऱ्या रेशांत आणि बियांत एक चवहीन द्रव्य असते. पेशी फाटून त्याचा आंबट रसाशी संपर्क आला की त्याचे हळूहळू लिमोनिन या अत्यंत कडू द्रव्यात रूपांतर होते. म्हणून संत्र्याच्या रसात उशिरा येणारा जो कडवटपणा रस-उद्योगाला सतावतो, तोच येथेही येतो. उपाय एकच. प्रत्येक फोडीची आतली साल आणि बी काढून केवळ गर घ्यावा, तो चाळणीत पाच-दहा मिनिटे निथळू द्यावा, निथळलेला रस पिऊन टाकावा, आणि गर वाढण्याच्या वेळीच चक्क्यात मिसळावा. सुगंधासाठी बाहेरच्या सालीचा केशरी भाग तेवढा चिमूटभर किसावा; किसणी पांढऱ्या थरापर्यंत पोचली की सारा खटाटोप व्यर्थ जातो.

असा १२० ग्रॅम गर घातला की एकंदर पदार्थ ५०० ग्रॅम होतो, म्हणजे शंभर-शंभर ग्रॅमांच्या पाच वाट्या. प्रत्येक वाटीत प्रथिने सुमारे सात ग्रॅम, स्निग्धांश पाच ग्रॅम आणि वरून घातलेली साखर दहा ग्रॅम. फळाची व दुधाची स्वतःची शर्करा पाचेक ग्रॅम. उष्मांक १३५ च्या आसपास येतात. आता याच एक लिटर दुधाचे साय न काढता समभाग साखरेचे श्रीखंड केले तर चक्का सुमारे ४०० ग्रॅम व साखर ४००, अशा आठ वाट्या होतील. प्रत्येकीत प्रथिने साडेचार ग्रॅम, स्निग्धांश आठ ग्रॅम, साखर पन्नास ग्रॅम आणि उष्मांक तीनशेच्या जवळपास. हे आकडे घरच्या काट्याचे आहेत, दुधाप्रमाणे ते थोडेफार बदलतील. परंतु अंतर इतके मोठे आहे की लहानसहान फरकाने ते मिटत नाही.

सात ग्रॅम प्रथिने ही राशी लहान वाटेल. पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये रोजची शिफारस सुमारे शेहेचाळीस ग्रॅम ठरविली आहे, तेव्हा ही वाटी तिचा सहावा-सातवा हिस्सा भरते. त्यातही, ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन या आवश्यक अमिनो आम्लाची मोठी उणीव असते. तुरीचे वरण ती काही अंशी भरून काढते आणि दुधाची प्रथिने ती चांगली भरून काढतात. भाकरीच्या जेवणाशी चक्क्याची जोडी या अर्थाने जुळणारी आहे. अर्थात, या वाटीने गोडाची ओढ कायमची जाईल असे समजू नये. चवीची तृप्ती व्हावयाची तर थोडी गोडी लागतेच, आणि ती येथे ठेवलेली आहे. मधुमेही व्यक्तीसाठीही ही वाटी ‘बिनसाखरेची’ नव्हे. फळ आणि दूध धरून तीत पंधरा ग्रॅम शर्करा आहे, ती जेवणातील भाकरीच्या हिशेबातच मोजली पाहिजे.

इतर फळांविषयी थोडक्यात. अंजनगाव सुर्जीच्या परिसरातील केळी मुळातच गोड असल्याने त्यांच्यासोबत साखर निम्मी पुरते. मात्र केळे काळे पडते, म्हणून तेही वाढतानाच चिरावे. सीताफळाच्या गराला तर साखरेची गरज जवळपास नसतेच. त्याची अट एवढीच की तो तापवू नये. आचेवर सीताफळाचा गर कडवट होतो, म्हणून तो नेहमी थंड दुधात किंवा थंड चक्क्यात मिसळावा. आंबा निर्धोक. पपई आणि अननस यांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. अननसात आणि विशेषतः अर्धवट पिकलेल्या पपईत प्रथिने तोडणारी विकरे असतात. ती केसीनचे बारीक तुकडे करतात, आणि हे तुकडे चवीला कडू असतात. अशा श्रीखंडाची ओळख सोपी आहे : मिसळताना ते घट्ट व गोड असते, तासा-दोन तासांत पातळ होते आणि मागून कडू लागते. त्याला पुष्कळदा दही नासले असे समजून टाकून दिले जाते. फळ थोड्या पाण्यात चांगले उकळून घेतले की विकर मरते व मग काही बिघडत नाही. डब्यातला अननस चालतो तो यामुळेच.

ज्यांना दह्याचा आंबटपणा रुचत नाही त्यांच्यासाठी आटीव दुधाचा मार्ग आहे. साय काढलेले एक लिटर दूध अर्ध्यावर आणले की त्यात शंभर ग्रॅमांमागे आठ ग्रॅम प्रथिने येतात, आणि दुधाची साखरही दुपटीने घट्ट होत असल्यामुळे वरून पाच-सहा ग्रॅम साखर पुरते. ज्यांना दूध पचत नाही त्यांना मात्र हे अधिक जड जाईल. चक्क्यात ती दुग्धशर्करा बरीचशी आंबून वा निथळून गेलेली असते. संत्र्याची बासुंदी करावयाची असल्यास दूध पूर्ण थंड झाल्यावरच गर घालावा. गरम दुधात आंबट रस पडला की केसीन तत्काळ गोठते आणि बासुंदीचे छेना-पाणी होते. थंड दुधातही रस जास्त झाला तर फाटण्याची भीती असतेच, म्हणून येथेही निथळलेला गरच घ्यावा.

टिकण्याच्या बाबतीत या हलक्या चक्क्याने श्रीखंडाची बरोबरी करू नये. भरपूर साखरेचे श्रीखंड शीतकपाटात आठवडे राहते. दहा टक्के साखरेचे तीन दिवसांच्या आत संपवावे, आणि फळ घातलेले त्याच दिवशी. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ते दोन तास बाहेर राहिले की त्यात पुन्हा आंबण्याची क्रिया सुरू होते. वर लहान बुडबुडे दिसले किंवा ताडीसारखा वास आला तर त्यात यीस्ट वाढले आहे असे समजून ते टाकून द्यावे.

शेवटी निवळीचा प्रश्न राहतो. लिटरमागे साडेसहाशे मिलिलिटर फिकट पिवळसर पाणी निघते आणि बहुतेक ठिकाणी ते मोरीत जाते. दही आंबते तेव्हा केसीनशी बांधलेला कॅल्शियम विरघळून या पाण्यात उतरतो. त्यामुळे चक्का प्रथिनांत दुधाहून श्रीमंत झाला तरी कॅल्शियमच्या बाबतीत दुधाची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. ती तूट भरून काढण्याचा सोपा मार्ग स्वयंपाकघरातच आहे. या निवळीत बेसन कालवून कढी करावी किंवा कणीक भिजवावी. भाकरीच्या पिठासाठीही ती चालते, परंतु निम्मी निवळी व निम्मे गरम पाणी घ्यावे. एकटी निवळी उकळत घातली तर तिच्यात उरलेली प्रथिने गुठळ्या धरतात आणि भाकरी थापताना कडेला तडकते.